आईस्क्रीमच्या दुकानासाठी चार ओळींचं जिंगल: मुलांच्या तोंडी बसत नाहीये, कुठे चुकतंय?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. ओळखीतल्या एका आईस्क्रीम पार्लरसाठी छोटं जिंगल लिहून देते आहे. चाल आणि रेकॉर्डिंग दुसरं कुणी करणार, शब्द माझे. मालकांची अट एकच: मुलांनी ते घरी जाऊन म्हटलं पाहिजे.

दुकानाचं नाव इथे देत नाही. त्याच्या जागी 'टिंबटिंब' लिहिते. खरं नावही याच मापाचं, दोन सारख्या तुकड्यांचं आहे आणि शेवटचा आवाजही असाच आहे, त्यामुळे यमकाला फरक पडणार नाही. माझा पहिला खर्डा असा:

टिंबटिंबचे स्वादिष्ट आईस्क्रीम
ताज्या फळांचे, शुद्ध दुधाचे
साऱ्या कुटुंबाच्या आवडीचे
एकदा खाऊन बघाच तर!

काल घरी भाचरं आणि त्यांचे मित्र मिळून सहा जण होते, पाच ते आठ वर्षांचे. त्यांना तीनदा म्हणून दाखवलं. पाठ करा असं सांगितलं नाही. मग त्यांना चित्रं काढायला बसवलं आणि वीस मिनिटांनी सहज विचारलं, मघाशी मी काय म्हणत होते? एकालाही पहिल्या तीन ओळी आठवल्या नाहीत. दोघी मात्र "बघाच तर! बघाच तर!" करत नाचत होत्या. दुकानाचं नाव कुणाच्याच तोंडी नव्हतं. म्हणजे मालकांच्या दृष्टीने शून्य. यमक तर आहे, मग अडतंय कुठे?

रानवारा

माझ्या मते ओळी असमान आहेत. मराठीत मुलांच्या गाण्यांना आठ अक्षरांची ओळ लागते. प्रत्येक ओळीत आठच अक्षरं ठेवा, आपोआप लय येईल. मी शाळेत कविता शिकवायचो तेव्हा हेच सांगायचो.

टाळटिपरी

कोरा_कागद, तुमची चाचणी फार चांगली आहे. पाठ करा असं न सांगणं हेच तिच्यातलं महत्त्वाचं. बहुतेक जण मुलांना समोर बसवून घोकून घेतात आणि मग म्हणतात, बघा, पाठ झालं.

आता तुमच्या ओळी. टेबलावर बोटाने ठेका धरा आणि मोठ्याने म्हणा. 'टिंब' वर एक टाळी, दुसऱ्या 'टिंब' वर एक, आणि तिसरी? ती 'चे' वर पडते आणि 'स्वा' लाही आत ओढते. चौथी पडते 'दिष्ट' वर. म्हणजे 'स्वादिष्ट' हा शब्द मधोमध तुटला. मोठ्या माणसाला अर्थ माहीत असतो, म्हणून तो तुटलेला शब्द मनात जोडून घेतो. पाच वर्षांच्या मुलाला 'चेस्वा' आणि 'दिष्ट' असे दोन अनोळखी आवाज ऐकू येतात. ते सोडून देणारच. पुढे 'आईस्क्रीम' ला आणखी दोन टाळ्या लागतात. एका ओळीत सहा झाल्या.

मात्रा मोजल्या, म्हणजे आखूड अक्षराला एक आणि लांब अक्षराला दोन, तर चार ओळींत वीस, सतरा, अठरा आणि सोळा येतात. दर ओळीला ठेका वेगळ्या जागी संपतो, त्यामुळे पुढची ओळ कधी सुरू करायची हे मुलाला कळत नाही. मोठं माणूस सांभाळून घेतं, मूल थांबतं, आणि एकदा थांबलं की पुन्हा सुरू करत नाही.

'बघाच तर' का टिकलं, तेही पाहा. ते बोलण्यातलं आहे. घरात कुणीतरी रोज असं म्हणतं. 'साऱ्या कुटुंबाच्या आवडीचे' असं घरात कुणी म्हणत नाही.

रानवारा सर, आठ अक्षरांबद्दल थोडं वेगळं मत आहे. रात्री सविस्तर लिहितो.

पाटीपेन्सिल

छान विषय! माझ्याकडे स्नेहसंमेलनासाठी लिहिलेलं बारा कडव्यांचं गीत आहे, त्यात बर्फ, ऊन, फळं सगळं येतं. मुलांनी नाच बसवला तर दहा मिनिटं आरामात जातील. हवं असेल तर इथे टाकते. पोशाखही सुचवेन.

कोरा_कागद

पाटीपेन्सिल ताई, मनापासून आभार, पण मला चारच ओळी हव्या आहेत आणि त्या दुकानाच्या दाराशी स्पीकरवर वाजणार. नाच नाही.

टाळटिपरी, 'चेस्वा दिष्ट' वाचल्यावर मी परत म्हणून पाहिलं आणि आता मला ते तसंच ऐकू येतंय. मी कागदावर यमक जुळवलं, तोंडाने एकदाही ठेक्यात म्हटलं नव्हतं.

ध्वनिपेटी

मी रेकॉर्डिंगचं काम करतो. लिहिण्याआधी वेळ ठरवा. दहा सेकंदांचं जिंगल असेल आणि मिनिटाला १२० टाळ्यांचा वेग धरला, तर दहा सेकंदांत वीस टाळ्या बसतात. चार ओळी, प्रत्येकी चार टाळ्या, म्हणजे सोळा. आठ सेकंद झाले. उरलेल्या दोन सेकंदांत घंटी किंवा नुसती शांतता ठेवा. ती शांतता फुकट जात नाही. जिंगल संपल्यावर जागा मोकळी असली की मुलं तिथे शेवटचा शब्द स्वतः ओरडतात. लगेच फोन नंबर सुरू झाला तर ती जागा जाते.

१२० हा वेग मोठ्यांना सोपा आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांना जोडाक्षरं असलेली ओळ त्या वेगात झेपत नाही. १०० वर आणलंत तर सोळा टाळ्यांना साडेनऊ सेकंदांहून थोडं जास्त लागतं, तेही दहात बसतं. मी १०० ते ११० सुचवेन.

दुसरं, दाराशी लावायचा स्पीकर छोटा असतो. त्यातून 'स', 'श', 'फ' हे आवाज रस्त्याच्या गोंगाटात विरतात किंवा नुसती खरखर होते. 'ट', 'प', 'क', 'च' यांचा आघात लांबून कळतो. टाळीच्या जागी असे आवाज येतील असं बघा.

टाळटिपरी

आता अक्षरांचं. रानवारा सर पूर्ण चूक नाहीत. अभंगासारख्या आपल्या जुन्या छंदांत अक्षरं मोजतात आणि म्हणताना ऱ्हस्व अक्षरही लांबवून सगळी सारखी करतात. संथ म्हणायचं असेल तर ते उत्तम चालतं. पण मुलं भराभर म्हणतात, उड्या मारत म्हणतात. तिथे हिशोब टाळीचा असतो. एका टाळीपासून दुसरीपर्यंत चार मात्रांची जागा आहे असं धरा. त्या जागेत 'टपटप' अशी चार छोटी अक्षरं मावतात, 'चाटू' अशी दोन लांब मावतात, 'पडला' अशी तीन मावतात. अक्षरं चार, दोन, तीन, पण वेळ तेवढाच. मुलांना खरी मजा या फरकात येते. सगळी अक्षरं सारख्या लांबीची असली की पाढे म्हटल्यासारखं होतं.

शेवटच्या अकाराचंही लक्षात घ्या. 'गार' कागदावर तीन मात्रांचा आहे. आपण तो 'गार्' असा म्हणतो आणि नंतर एका मात्रेची फट राहते. त्या जागेत श्वास घेता येतो. टाळीच्या शेवटी असे शब्द आले तर चांगलंच.

तेव्हा नियम मी एवढाच पाळेन: टाळी पडेल तिथे नवा शब्द सुरू झाला पाहिजे. मराठीत एखाद्या अक्षरावर ठरलेला जोर नसतो, त्यामुळे ठेका कुठेही टाकता येतो असं वाटतं आणि लिहिणारा गाफील राहतो. पण शब्द तुटला की मुलाच्या कानाला तो शब्द उरत नाही.

कोरा_कागद

काल रात्री बसून ही एक ओळ लिहिली:

टपटप टपटप थेंब गळे

आईस्क्रीम वितळून हातावर थेंब पडतात ना, ते. पुढचं सुचलं नाही, पण ही जमली असं वाटतंय. मात्रा चौदा येतात, शेवटी दोनची विश्रांती.

बालवाडीताई

मला मात्रा कळत नाहीत. मी रोज तीस मुलांना गाणी म्हणायला लावते, त्यातून सांगते. थेंबाची कल्पना फार चांगली आहे. मुलांना आईस्क्रीमची चव शब्दांत सांगता येत नाही, पण हातावर ओघळ आला की काय करायचं हे प्रत्येकाला माहीत असतं. 'स्वादिष्ट' म्हटल्यावर ती काहीच करत नाहीत. 'टपटप' म्हटलं की बोटं हलतात. हाताला किंवा जिभेला काही काम मिळालं तरच गाणं घरी जातं, हे मी नेहमी पाहते.

आणि 'गळे' नको. माझ्या वर्गातल्या मुलांनी गळा म्हणजे मान धरली असती.

टाळटिपरी

बालवाडीताईंनी 'गळे' अर्थासाठी नको म्हटलं, मी ठेक्यासाठी म्हणतो. सलग म्हटलं की टपटप, टपटप, 'थेंबग', 'ळे'. चौथी टाळी 'ळे' वर पडली. त्यात 'ळ' लहान मुलांना उशिरा जमतो, 'ल' किंवा 'य' म्हणतात. तोच अर्थ असा ठेवून बघा:

टपटप टपटप पडला थेंब

टाळ्या: टपटप, टपटप, पडला, थेंब. चारही टाळ्यांवर शब्द सुरू होतो. आणि 'थेंब' वर संपल्याने तुमच्या नावाचं यमक दारात येऊन उभं राहतं.

कोरा_कागद

टाळटिपरी, हे वाचून मी उठून उभीच राहिले. थेंब, चिंब, टिंब! लगेच दुसरी लिहिली: 'हात भिजलेला चिंब चिंब'. मग टाळी मारून पाहिली तर 'भिजले', 'लाचिं'. तुटला. 'हात भिजला चिंब चिंब' केलं. हात, भिजला, चिंब, चिंब. बसलं. 'भिजलेला' आणि 'भिजला' यांत एवढा फरक असेल असं कागदावर कधीच कळलं नसतं.

तिसऱ्या ओळीसाठी दोन दिवस घालवले. 'जिभेवरती गार गोडवा', 'गोल गोल जीभ फिरवा' असं बरंच काही झालं. शेवटी भाचीने काय केलं ते आठवलं. कुल्फी खाताना मनगटापर्यंत ओघळ गेला होता, मी रुमाल पुढे केला तर म्हणाली, "थांब, आधी चाटू दे." तेच घेतलं:

टपटप टपटप पडला थेंब
हात भिजला चिंब चिंब
चाटू आधी, पुसू नंतर
आईस्क्रीम टिंबटिंब

टाळटिपरी

तिसरी ओळ तुमच्या चारही ओळींत सगळ्यात भक्कम आहे. चाटू, आधी, पुसू, नंतर. तिला यमक नाही आणि नसावंच. यमक एकदा सोडलं की कान त्याची वाट बघत राहतो, आणि ते चौथ्या ओळीत नावावर येऊन मिळतं. तिन्ही ओळी यमकात असत्या तर नावाची ओळ इतरांसारखीच एक झाली असती.

रानवारा सर, आता अक्षरं मोजा. तेरा, नऊ, नऊ आणि आठ. टाळ्या मात्र प्रत्येक ओळीत चार.

रानवारा

मोजली. बरोबर आहे, तेरा-नऊ-नऊ-आठ. माझ्या कानाला पहिली ओळ लांब वाटायला हवी होती, पण वाटत नाही. मी आयुष्यभर अक्षरं मोजायला शिकवलं, हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरीही संथ चालीत आठ अक्षरांची ओळ मला जास्त आवडते, ते मत कायम आहे.

चौथ्या ओळीची शंका आहे. 'आईस्क्रीम' मध्ये 'स्क्र' आहे. ध्वनिपेटी म्हणाले होते की लहान मुलांना जोडाक्षर जड जातं.

टाळटिपरी

शंका रास्त आहे. पण बघा, 'आई' एका टाळीत आणि 'स्क्रीम' दुसरीत असा तो बसतो. शब्द टाळीने कापला जातो हे खरं, पण आतला 'स्' मुलं आपोआप मागे घेतात: आईस, क्रीम. शिवाय हा शब्द मुलांना आधीपासून ठाऊक आहे, त्यामुळे तुटला तरी हरवत नाही. कुणी 'आईस्कीम' म्हणेल, कुणी 'आईसकीरीम'. ठेका ढळला नाही तर म्हणू दे. अनोळखी शब्द तुटला असता तर मी मान्य केलं नसतं.

मिठाईवाला_जुना

मी दुकानदार आहे, माझा अनुभव लिहितो. आम्हीही एक जाहिरातगीत करून घेतलं होतं. शेवट 'गोडच गोड' असा होता. दोन दिवसांत गल्लीतल्या मुलांनी त्याचं 'तोंडाला आला फोडच फोड' केलं. आमचंच गाणं, आमच्याच चालीत, आमच्या दारासमोर. आम्ही रागावलो तशी त्यांना आणखी मजा आली. शेवटी ते गाणं बंद केलं. तेव्हा ताई, लिहिण्याआधी नावाला जुळणारे सगळे शब्द एकदा काढून बघा. तुम्ही काढले नाहीत तर मुलं काढतील.

कोरा_कागद

काका, हे फार मोलाचं सांगितलंत. खऱ्या नावावर मी आणि भाऊ तासभर बसलो. मुळाक्षरांतलं प्रत्येक अक्षर नावाच्या पुढे लावून पाहिलं. एक खट्याळ शब्द निघाला, पण अपमान करणारा किंवा किळसवाणा नाही. मालकांना आधीच सांगून ठेवलंय की हा शब्द कानावर येईल तेव्हा रागावू नका.

सई_आणि_चिकू

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी दोन मुलांची आई. दुकानाच्या दारात वाजणारं गाणं माझी मुलं घरी म्हणणार, आणि मग तिथेच जाऊ म्हणून हट्ट करणार. हे ठरवून केलं जातंय याचा मला त्रास होतो. शिवाय 'चाटू आधी, पुसू नंतर' म्हणजे घाणेरड्या हाताचं चाटायचं? आम्ही घरी उलट शिकवतो.

बालवाडीताई

हात चाटण्याबद्दल माझं म्हणणं, ती ओळ मुलांना काही नवीन शिकवत नाही. ती आधीपासून तेच करतात. पण वर्गात मी हे गाणं घेणार नाही, ते तुमच्याशी सहमत होऊन सांगते. वर्ग ही दुकानाची जागा नाही.

ध्वनिपेटी

हट्टाबद्दल एक पक्की रेष आहे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या जाहिरात संहितेत असं आहे की आई-वडिलांकडे वस्तू मागा असं मुलांना थेट सांगू नये. 'बाबा मला घेऊन द्या', 'आईला सांगा' अशा ओळी त्यात अडकतात. कोरा_कागद यांच्या चार ओळींत मागणं कुठेच नाही, खाणाऱ्या मुलाची गंमत आहे. पण सई ताईंचा त्रास त्याने जात नाही, हेही खरं. नाव तोंडी बसवणं हाच हेतू आहे.

कोरा_कागद

सई ताई, तुमचा मुद्दा मला टोचला आणि टोचायलाच हवा होता. पहिल्या खर्ड्यात 'खाऊन बघाच तर' होतं, तेही एक प्रकारे मागणंच होतं. ते गेलं याचं बरं वाटतंय. मालकांना मी सांगितलंय की स्पीकर शाळा सुटायच्या वेळी सतत लावू नका. ते ऐकतील की नाही हे माझ्या हातात नाही.

आता मालकांचं. त्यांना ओळी ऐकवल्या. पहिली प्रतिक्रिया, "आमचं आईस्क्रीम वितळतं असं का सांगायचं?" मग 'शुद्ध दुधाचे' कुठे गेलं, सगळ्या चवींची नावं का नाहीत, फोन नंबर का नाही. मी फार वाद घातला नाही. त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला बोलावलं, दोन्ही खर्डे तीनदा म्हणून दाखवले आणि आम्ही चहा घेतला. चहा संपायच्या आत तो मनगट चाटायचं नाटक करत "पुसू नंतर!" ओरडत होता. मालक हसले, पण 'शुद्ध दूध' सोडायला अजून तयार नाहीत.

मिठाईवाला_जुना

'शुद्ध दुधाचे' गाण्यात नकोच, पण आणखी एका कारणाने. बऱ्याच देशांत वनस्पती तेलावर केलेल्या मालाला 'आईस्क्रीम' म्हणायची परवानगी नसते, त्याला फ्रोजन डेझर्ट म्हणावं लागतं. दुकानात दोन्ही प्रकार ठेवत असतील तर 'शुद्ध दुधाचे' हे सगळ्या मालाबद्दल खरं ठरत नाही. त्यांना आधी विचारा काय काय विकता. गाणं एकदा वाजलं की शब्द मागे घेता येत नाहीत.

ध्वनिपेटी

फोन नंबर, चवी, पत्ता हे सगळं जिंगलनंतर मोठ्या माणसाच्या बोलत्या आवाजात घ्या. गाण्यात नाही. आणि मध्ये ती दोन सेकंदांची शांतता ठेवाच.

चालीचं कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. मुलं एकमेकांना हाका मारतात तेव्हा बहुधा 'प' वरून 'ग' वर उतरतात. ती उतरण त्यांच्या गळ्यात आधीच आहे. नावाच्या दोन तुकड्यांना तीच द्या: 'टिंब' प वर, 'टिंब' ग वर. सगळी चाल पाच-सहा सुरांत ठेवा. वरचा सा लागला की लहान मुलं किंचाळतात किंवा सोडून देतात.

पाटीपेन्सिल

एखाद्या गाजलेल्या सिनेगीताची चाल घेतली तर? ती आधीच सगळ्यांच्या तोंडी असते. जुनी चाल कुणाच्याच मालकीची नसते असं ऐकलंय.

ध्वनिपेटी

पाटीपेन्सिल ताई, अर्धं खरं आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या, कर्ता माहीत नसलेल्या लोकगीताची चाल वापरता येते, पण तिचं कुणी केलेलं रेकॉर्डिंग उचलता येत नाही. सिनेगीताच्या चालीवर हक्क असतो. ते जुनं वाटलं तरी संगीतकाराच्या मृत्यूनंतर कित्येक दशकं तो राहतो. आणि हक्क बाजूला ठेवला तरी मुलं त्या चालीवर मूळ शब्दच म्हणतील, दुकानाचं नाव राहील बाजूला.

कोरा_कागद

आठवड्याने लिहिते आहे. त्याच सहा मुलांवर पुन्हा चाचणी केली, आणि या वेळी दुसऱ्या दिवशीही विचारलं. वीस मिनिटांनी सहापैकी पाच जणांनी चारही ओळी म्हटल्या. दुसऱ्या दिवशी चौघांनी. पाच वर्षांची धाकटी 'टपटप टपटप' आणि एकदम 'टिंबटिंब' असं म्हणत होती, मधलं सगळं गाळून. मला ते पुरेसं वाटतं, नाव तर आलं.

पण एक घडलं त्यावर तुमचं मत हवं. तिघांनी तिसरी ओळ बदलली. 'चाटू आधी, पुसू नंतर' च्या जागी 'चाटू आधी, छू मंतर'! कुणी शिकवलं नाही. एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी उचललं. मी टाळी मारून पाहिली, 'छू' लांबवला की अगदी ठेक्यात बसतं. आता लिखित ओळ बदलू का?

बालवाडीताई

माझं ऐकाल तर बदला. मुलांनी सापडवलेला शब्द आपण कितीही बसलो तरी सापडत नाही. आणि 'छू मंतर' म्हणताना हात हवेत जातो, मी आत्ताच करून पाहिलं.

टाळटिपरी

मी बदलणार नाही. 'पुसू नंतर' मध्ये गोष्ट आहे: ओघळ आला, मूल चाटतंय, रुमाल वाट बघतोय. 'छू मंतर' मध्ये ती गोष्ट तुटते, नुसता आवाज उरतो. शिवाय रेकॉर्डिंगमध्येच 'छू मंतर' आलं तर मुलांना बदलायला काय उरलं? त्यांना मोडायला एक जागा सापडली आहे, ती त्यांच्याकडेच राहू द्या. ती जागा नावाच्या ओळीत नाही, हे तुमचं भाग्य.

सई_आणि_चिकू

मी विरोधात होते आणि अजूनही थोडी आहे. पण काल सहज मुलासमोर वाचलं तर त्याने तिसरी ओळ एका दमात उचलली. दुकानाचं नाव म्हणाला नाही, मी शेवटची ओळ वाचलीच नव्हती. रात्री जेवताना आमटी हातावर सांडली तेव्हा तोच म्हणाला, "चाटू आधी." रुमाल मी दिलाच.

रानवारा

मी 'पुसू नंतर' च्या बाजूने. पण एक विचारतो, आवाज कुणाचा ठेवणार? मुलाच्या आवाजात रेकॉर्ड केलं तर इतर मुलं जास्त म्हणतील की मोठ्यांच्या?

ध्वनिपेटी

यावर माझंच मत पक्कं नाही. मुलाचा आवाज कानावर आला की मुलं लगेच ऐकायला थांबतात, हे मी पाहिलंय. पण आठ-नऊ वर्षांच्यांना ते 'लहान मुलांचं' वाटून ती सोबत म्हणत नाहीत, असंही दोनदा झालंय. मी दोन्ही करून बघेन. पहिल्या तीन ओळी मोठ्या बाईच्या आवाजात, आणि 'टिंबटिंब' तेवढं चार-पाच मुलांच्या घोळक्याने. एका मुलाचं नको. घोळका नीट एका वेळी म्हणत नाही, थोडं मागेपुढे होतं, आणि ते तसंच राहू द्या.

कोरा_कागद

ठरलं. 'पुसू नंतर' च राहील. येत्या रविवारी रेकॉर्डिंग आहे, वेग १०४ धरलाय. घोळक्यासाठी तीच सहा मुलं येणार. धाकटीला फक्त 'टपटप' आणि 'टिंबटिंब' एवढंच येतं, तिला तेवढंच म्हणू देणार आहे. मालक 'शुद्ध दूध' बोलत्या ओळीत घ्यायला तयार झालेत, पण आधी फ्रीजरमधल्या सगळ्या डब्यांची लेबलं वाचून यादी करायला मुनीमजींना बसवलंय.